मे महिन्यात पावसाचं गाणं: रेनकोट ब्रँडच्या म्युझिक व्हिडिओची ट्रीटमेंट

चिंब_पायवाट

नमस्कार मंडळी. रेनकोट आणि छत्र्या बनवणाऱ्या एका मराठी ब्रँडसाठी 2 मिनिटं 40 सेकंदांचं गाणं चित्रित व्हायचं आहे. एजन्सीने तीन दिग्दर्शकांकडून ट्रीटमेंट मागवली आहे, त्यातली एक मला लिहायची आहे. सोमवारी द्यायची.

कल्पना अशी: मोठी बहीण 17 वर्षांची, धाकटी 9 वर्षांची. मोठीला नवा रेनकोट आलाय, तिचा जुना पिवळा रेनकोट धाकटीकडे येतो. तो तिला ढगळ होतो, बाह्या बोटांच्या खाली लोंबतात. दोघी घरातून निघून सह्याद्रीतल्या हिरव्या वाटेने एसटीच्या थांब्यापर्यंत जातात आणि वाटेत गावातली मुलं त्यांना येऊन मिळतात. मुखडा मोठीच्या तोंडी आहे.

रेफरन्स म्हणून धुक्यातले घाट, धबधबे, हिरवीगार पठारं अशी 42 चित्रं जमवलीत. लोकेशनला वाई आणि भोर लिहिलंय. एजन्सीला बजेटचे तीन पर्याय हवेत, म्हणून बेसिक, स्टँडर्ड आणि प्रीमियम असे तीन रकाने केलेत. गाणं 1 जूनला यायचं आहे, म्हणजे शूट मेच्या दुसऱ्या आठवड्यात. मला मुख्य मदत हवी आहे ती मांडणीत. कुठलं पान आधी, कुठलं नंतर?

---

सह्यवेडा

कल्पना गोड आहे. वाईपेक्षा कासला जा किंवा इगतपुरीला. इगतपुरी मुंबईपासून जवळ, रस्ता चांगला आणि पावसाळी गाण्यांसाठी तिथल्यासारखं हिरवं कुठेच नाही. कास तर जागतिक वारशात आहे, ड्रोनचे दोन शॉट घेतले की काम झालं.

---

सुपारीबाग

सह्यवेडा, इगतपुरीच्या हिरवाईबद्दल म्हणताय ते खरं, पण जुलैपुरतं. मेच्या दुसऱ्या आठवड्यात इगतपुरी, वाई, भोर सगळीकडे डोंगर पिवळट तपकिरी असतात, गवत वाळून भुईसपाट झालेलं असतं. कासची फुलं ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरची सुरुवात एवढ्याच काळात असतात, मे महिन्यात तिथे निव्वळ कातळ दिसेल. शिवाय तिथे वनखात्याची परवानगी लागते, ड्रोनची आणखी वेगळी.

चिंब_पायवाट, पानांचा क्रम हा तुमचा शेवटचा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा की तुमच्या 42 चित्रांतलं एकही चित्र तुमच्या तारखेला महाराष्ट्रात उभं करता येणार नाही. मोसमी पाऊस केरळात पोहोचण्याची सरासरी तारीखच 1 जून आहे आणि मुंबईची 11 जून. तुमचं गाणं त्याच्या आधी यायचं आहे. मे महिन्यात एखादी वळवाची सर येईल, पण तिच्या भरवशावर शिफ्ट लावत नाहीत.

ट्रीटमेंटमधलं रेफरन्स चित्र क्लायंटच्या डोक्यात वचन म्हणून बसतं. तुम्ही धुक्यातला घाट दाखवलात की गाणं हातात आल्यावर ते तोच घाट शोधणार.

---

चिंब_पायवाट

हे डोक्यातच आलं नव्हतं. मग कल्पनाच बदलायची का? की केरळला जायचं?

---

सुपारीबाग

कल्पना ठेवा, डोंगर सोडा. मे महिन्यातही हिरवं असतं ते शिंपण्यावर जगणाऱ्या जागी, म्हणजे कोकणातल्या वाड्यांत. अलिबागजवळ नागाव, आक्षी, चौल या पट्ट्यात नारळी-पोफळीच्या वाड्या विहिरीच्या पाण्यावर उभ्या आहेत. जमीन ओलसर, वर सावली, मधून पायवाट, टोकाला कौलारू घर आणि पुढे पडवी. मुंबईहून रस्त्याने साधारण शंभर किलोमीटर. माणसं भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याच्या रो-रोनेही जातील, पण जनरेटर आणि लाइटचे टेम्पो रस्त्यानेच आणा, फेरी चुकली म्हणून शिफ्ट अडकायला नको.

कॅमेरा क्षितिजाकडे वळला की वाडीबाहेरचं तपकिरी शेत किंवा पांढरं कोरडं आभाळ दिसतं, म्हणून ट्रीटमेंटमध्ये सरळ लिहा, "आपण आभाळ दाखवणार नाही. पाऊस पानांतून, पागोळ्यांतून आणि मातीतून दिसेल." ही अडचण असली तरी लिहिताना ती दिग्दर्शकाची निवड वाटली पाहिजे, आणि मनापासून विचार केलात तर ती तशी आहेच. नऊ वर्षांच्या मुलीला पाऊस पडवीतून दिसतो तसाच हा पाऊस आहे.

आता पाण्याबद्दल. मे महिन्यात महाराष्ट्रातल्या कित्येक गावांत प्यायचं पाणी टँकरने येतं. अशा गावात तुम्ही सिनेमाचा पाऊस पाडलात तर लोक चिडतील आणि त्यांचं चिडणं योग्य असेल. त्याचा व्हिडिओ ब्रँडच्या गाण्याच्या आधी फिरेल. तेव्हा पाणी कुठून आणणार आणि ते पिण्याचं नाही, हे लोकेशनच्या पानावर एका ओळीत लिहून टाका. वाडीत पाडलेलं पाणी वाडीतच मुरतं, ही या जागेची आणखी एक जमेची बाजू.

---

मृण्मयी_कोथरूड

छान धागा आहे. माझं कुर्त्यांचं छोटं दुकान आहे. मला इन्स्टासाठी तीस सेकंदांचं गाणं करायचंय, भाचा मोबाईलवर शूट करेल. मलाही ट्रीटमेंट करून घ्यावी लागेल का? आणि ट्रीटमेंट म्हणजे पटकथाच ना?

---

काळी_पाटी

मृण्मयीताई, तुम्हाला इतकं नको. एका कागदावर लिहा: कुठले चार कुर्ते, कुठल्या जागी, दिवसाच्या कुठल्या वेळी आणि गाण्याच्या कुठल्या ओळीला. भाच्याला तेवढं पुरेल. आणि प्रसिद्ध गाणं परवानगीशिवाय लावू नका, दुकानाच्या खात्यावरून टाकलं की ती जाहिरात होते.

पटकथा मात्र नव्हे. पटकथेत काय घडतं ते असतं. ट्रीटमेंटमध्ये हा दिग्दर्शक ते कसं दाखवणार ते असतं.

चिंब_पायवाट, मी एजन्सीच्या बाजूला बसते, म्हणून आतली पद्धत सांगते. तुमची पीडीएफ आधी क्रिएटिव्ह माणूस वाचतो, मग खातं सांभाळणारा, आणि शेवटी क्लायंट ती फोनवर बोटाने सरकवत बघतो. त्याच्याकडे तीन पीडीएफ असतात. 42 चित्रांतलं त्याला एकही आठवत नाही. 12 ते 14 चित्रं ठेवा आणि प्रत्येकाखाली तीन ओळी लिहा: या चित्रातून काय घेतोय, काय घेत नाही आणि ते आपल्याकडे कसं करणार. "मूड: नॉस्टॅल्जिक, फ्रेश" असली ओळ कुठल्याही चित्राखाली खपते, म्हणून ती काहीच सांगत नाही.

नमुना देते. समजा, खिडकीतून पावसाकडे बघणाऱ्या मुलीचा फोटो आहे. त्याखाली असं:

"घेतोय: चेहऱ्याच्या अर्ध्या भागावरचा मऊ उजेड आणि मागचा काळोख. घेत नाही: निळसर थंड रंग, आपला पाऊस उबदार आहे. कसं करणार: पडवीच्या कडेला मोठं पांढरं कापड ताणून उजेड गाळून घेऊ, घरात एकच पिवळा दिवा."

हे वाचून क्लायंटला चित्र कळतं आणि डीओपीला, म्हणजे कॅमेरा आणि प्रकाश सांभाळणाऱ्याला, कामही कळतं. आणि गाजलेल्या चित्रपटगीताची फ्रेम टाकू नका. ती टाकली की चर्चा तुमच्या गाण्याची होत नाही, त्या गाण्याची होते.

आणखी एक. तुमच्या कल्पनेत ब्रँड घाबरेल अशी एक जागा आहे. रेनकोट विकणाऱ्याला जुना रेनकोट हिरो झालेला आवडेलच असं नाही. तो विचारणार, "मग नवा कोण घेणार?" हा प्रश्न बैठकीत यायच्या आधी तुमच्या दुसऱ्या पानावर त्याचं उत्तर हवं. नवा मोठीच्या अंगावर आहे, जुना अजून गळत नाही, म्हणजे एका घरात दोन रेनकोट आहेत. शेवटच्या शॉटमध्ये दोन्ही एका दोरीवर वाळताना दाखवा.

---

चिंब_पायवाट

दोरीवर दोन रेनकोट, हे घेतलं. चित्रं 13 वर आणली. सुपारीबाग, पाऊस पाडायला काय काय लागेल? प्रीमियममध्ये चार रेन मशीन लिहिलीत.

---

कवडसा

प्रकाशाच्या बाजूने लिहितो. किती मशीन लावली याने पाऊस दिसत नाही. तो दिसतो त्याच्या मागून उजेड आला तर. समोरून लाइट टाकला की चार मशीनचा पाऊसही गायब होतो, फक्त माणसं ओली दिसतात. म्हणून पावसाच्या मागे, उंचावर, वीसेक फुटांवर एक जोरदार दिवा लागतो आणि त्याच्याही मागे काळोख किंवा गडद झाडी. पोफळीची वाडी यासाठी उत्तम, कारण तिचा हिरवा रंग गडद असतो. त्यावर पिवळा रेनकोट झळकतो, लालही चालतो, पण निळी छत्री दिली तर ती झाडीत बुडून जाईल. वस्तू तिथे दिसते की नाही, हे कपड्यांच्या पानावर आवर्जून लिहा. क्लायंट ते पान सगळ्यात बारकाईने वाचतो.

मे महिन्यातली दुसरी अडचण कवडशांची. वाडीत सावली असली तरी पानांमधून उन्हाचे तुकडे जमिनीवर पडतात. पाऊस पडतोय आणि पायवाटेवर कडक उन्हाचे ठिपके, हे डोळ्याला लगेच खोटं वाटतं. चार वाजल्यापासून ऊन पश्चिमेकडून तिरकं आत शिरतं. पश्चिमेला दाट झाडी किंवा टेकडी असलेली वाडी निवडा, नाहीतर त्या बाजूला कापड टांगायला माणसं आणि बांबू धरा. आणि रेकीला, म्हणजे जागा आधी बघायला, दुपारी बाराला जाऊन काही कळत नाही, ज्या वेळी शूट आहे त्याच वेळी जा. मेच्या मध्याला सूर्यास्त सातच्या सुमारास आहे.

पाणी: एक मशीन सलग चालवलं तर दहा हजार लिटरचा टँकर तासाभरात संपतो असा हिशेब धरा. टेकपुरतंच चालू ठेवलंत तर तो दोन-अडीच तास पुरतो.

---

सुपारीबाग

कवडसा, सगळं पटलं. त्यात स्वस्तातली एक गोष्ट घालतो. पावसाची सगळ्यात सुंदर खूण म्हणजे पागोळ्या. वळचणीच्या वरच्या बाजूला अर्ध्या इंचाचा पीव्हीसी पाइप आडवा बांधा, त्याला दोन-तीन इंचांवर बारीक भोकं पाडा आणि विहिरीच्या घरगुती पंपाला जोडा. पाणी कौलांवरून ओघळून कडेला येतं. पाइप थेट कडेला बांधला तर धारा शॉवरसारख्या सरळ रेषेत पडतात आणि नकली दिसतात. कौलांच्या पन्हळीतून आलं तरच प्रत्येक धार वेगळी पडते. त्याच्या पलीकडे दहा फुटांवर एक माणूस होज उंच धरून उभा आणि त्यामागे कवडसा म्हणतात तो दिवा. पडवीतून बघणाऱ्या कॅमेऱ्याला हा पूर्ण पाऊस आहे. हजार-दोन हजार लिटरमध्ये तासभर काम चालतं.

क्रमाचंही बघा. लाल माती एकदा भिजली की त्या दिवशी परत कोरडी होत नाही, दुसऱ्या टँकरनंतर तर चिखल होतो. म्हणून कोरडे शॉट सगळे आधी. आणि मागच्या घराचं छप्पर भिजवायला विसरू नका. पुढे धो धो पाऊस आणि मागे कोरडी कौलं, ही चूक एडिटला बसल्यावरच दिसते.

---

हिशेबनीस

लाइन प्रोड्यूसर म्हणून सांगतो, दिग्दर्शकाने ट्रीटमेंटमध्ये बजेट लिहूच नये. ते प्रॉडक्शन हाऊसचं काम. दिग्दर्शकाने उत्तम तेच स्वप्न लिहावं, आम्ही आकडा काढतो, क्लायंट घासाघीस करतो, मग सगळीकडून वीस-वीस टक्के कमी करायचे. वर्षानुवर्षं असंच चालतं.

---

काळी_पाटी

हिशेबनीस, डिपार्टमेंटवार आकडे प्रॉडक्शन हाऊसने वेगळ्या कागदावर द्यावेत, इथपर्यंत तुमच्याशी सहमत. दिग्दर्शकाने जनरेटरचं भाडं लिहायचं नसतं. पण वीस टक्के सगळीकडून कापणं, तिथेच गाणं मरतं. पावसाच्या गाण्यात वीस टक्के दिवा कापता येत नाही. दिवा असतो किंवा नसतो. पावसामागचा दिवा उंच चढवणारी लिफ्ट गेली की उरलेल्या टँकरचे पैसेही वाया.

शिवाय बेसिक, स्टँडर्ड, प्रीमियम अशी नावं दिली की क्लायंट न वाचता मधला निवडतो आणि पैसे पहिल्याचे देऊ बघतो. पर्यायांना पडद्यावर जे दिसतं त्याचं नाव द्या. तुमच्या गाण्यात "पडवी", "वाडी" आणि "एसटी थांबा" अशी तीन नावं आपोआप मिळतात. तिन्ही पुरी गाणी असली पाहिजेत. पडवीवालं गाणं म्हणजे एसटीवाल्यातून उरलेलं नको.

---

चिंब_पायवाट

हे फारच उपयोगी पडलं. काल रात्री बसून असं लिहिलंय:

पडवी: एकच घर. बाहेर पाऊस, शाळेला जायचंय. ढगळ रेनकोट चढवणं, बाह्या दुमडणं, बटणं लावणं, यावरच पूर्ण गाणं. शेवटी दोघी पागोळ्यांखालून पाऊल बाहेर टाकतात आणि गाणं संपतं. एक शिफ्ट, दुपारी 2 ते रात्री 2. मुख्य पाऊस रात्री, कारण काळोखात आभाळ लपतं.

वाडी: घर आणि पायवाट. दोन शिफ्ट, दोन मशीन, आठ मुलं.

एसटी थांबा: त्याच्या पुढे रस्ता, थांबा, बस, वीस माणसं. तीन शिफ्ट.

हे बरोबर दिशेने आहे का?

---

कवडसा

पडवीच्या पर्यायावर जीव जडला. तोच सगळ्यात चांगला आहे. रात्रीचा पाऊसही तांत्रिकदृष्ट्या सोपा.

---

सुपारीबाग

थांबा. धाकटी 9 वर्षांची आहे ना? रात्री 2 पर्यंतची शिफ्ट तिच्यासाठी लिहिताच येणार नाही.

बालकलाकारांबाबत केंद्राचे नियम स्पष्ट आहेत. मुलाकडून दिवसात पाच तासांहून जास्त काम घ्यायचं नाही आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून जास्त नाही. शूटिंगच्या जागेच्या जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आधी घ्यावी लागते, म्हणजे नागावला शूट असेल तर रायगडची. दर पाच मुलांमागे त्यांची काळजी घेणारी एक जबाबदार व्यक्ती सेटवर हवी आणि मिळकतीतला किमान 20 टक्के भाग मुलाच्या नावे मुदत ठेवीत जातो. मोठी बहीण 17 ची दाखवायची असली तरी 18 पूर्ण झालेली मुलगी घ्या, मग तिची शिफ्ट मोकळी राहते.

नियम बाजूला ठेवले तरी नऊ वर्षांच्या मुलीला रात्री गार पाण्यात पुन्हा पुन्हा भिजवायचं नाही, एवढं आपल्यालाच वाटलं पाहिजे.

याचा अर्थ तुमचे तिन्ही पर्याय शिफ्टमध्ये मोजून चालणार नाहीत. ते धाकटीच्या तासांत मोजावे लागतील. पाच तासांत कपडे, मेकअप, विश्रांती आणि केस पुसणं धरलं तर पावसातले नऊ-दहा शॉट हातात येतात, त्याहून जास्त लिहिले तर कॉल शीट, म्हणजे त्या दिवसाचं वेळापत्रक, खोटं. पडवीमध्ये तिचा एक दिवस, वाडीमध्ये दोन, एसटी थांब्यामध्येही दोनच. तिसऱ्या दिवशी ती नसेल, कारण त्या दिवशी मोठी आणि रस्ता. वाटेत येऊन मिळणाऱ्या आठ मुलांनाही हेच नियम. त्यांना एकाच दुपारी बोलवा आणि दोन सांभाळणारे धरा.

---

चिंब_पायवाट

मग पडवीची वेळ बदलतो. धाकटी दुपारी 2 ते संध्याकाळी 7, सगळे शॉट पडवीच्या सावलीत. त्यानंतर फक्त मोठी, मुखड्याचं लिपसिंक आणि रात्रीचे पागोळ्यांचे शॉट. आधी कोरडे, मग ओले, हाही क्रम त्यात बसतो. धाकटी ओठ हलवणार नाही, गाणं मोठीचंच.

एक विचारायचं होतं. मुखडा स्लो मोशनमध्ये हवा आहे, पण ओठ तर शब्दांवर बसले पाहिजेत.

---

कवडसा

तुमचं एडिट सेकंदाला 25 फ्रेमचं असेल आणि कॅमेरा 50 वर चालवणार असाल तर सेटवर गाणं दुप्पट वेगाने वाजवायचं. 96 बीपीएमचं गाणं 192 वर. मुलगी दुप्पट वेगात म्हणते, पडद्यावर ओठ बरोबर बसतात आणि पाऊस तरंगतो. हा ट्रॅक साउंडवाल्याकडून आधीच करून घ्या, सुरुवातीला चार टिकटिक ठोके ठेवा आणि कलाकाराला तीन दिवस आधी पाठवा. सेटवर पहिल्यांदा ऐकला तर अर्धा तास जातो.

दुप्पट वेग झेपत नसेल तर 33 फ्रेम आणि 1.32 पट गाणं, हा मधला मार्ग. पाऊस थोडा जड दिसतो, पण चेहरा सैल राहतो, जबडा ताठ दिसत नाही. माझं मत इकडे झुकतं. आणि पावसाच्या आवाजात स्पीकर ऐकू येत नाही, विशेषतः पत्र्याखाली. मोठीला कानात छोटा इअरपीस द्या.

---

हिशेबनीस

कापाकापीचं माझं म्हणणं मागे घेतो, पाऊस असलेल्या गाण्याला ते लागू नाही. पण आकड्यांचं घेत नाही. धाग्यावरून हिशेब करून बघितला. लहान क्रू, माफक भाडं, ओळखीची वाडी धरली तर पडवी 8 लाखांत, वाडी 16 मध्ये, एसटी थांबा 27 च्या आसपास. प्रॉडक्शन हाऊसचा नफा आणि 18 टक्के जीएसटी वेगळा.

वाडीचे 16 कुठे जातात ते सांगतो, म्हणजे कापायचं कुठे नाही हे कळेल. दिग्दर्शक, डीओपी आणि बाकी क्रू साडेचार. कॅमेरा, लाइट, ग्रिप तीन. मशीन, टँकर आणि दिव्याची लिफ्ट 1 लाख 60 हजार. वाडीचं भाडं, परवानग्या, प्रवास, राहणं, जेवण 2 लाख 40 हजार. कला आणि कपडे 1 लाख 40 हजार. कलाकार एक लाख. एडिट आणि रंग 1 लाख 30 हजार. उरलेले 80 हजार विमा आणि अडीअडचणीसाठी. कपड्यांत पिवळा रेनकोट एकच धरू नका. तीन लागतात: एक कोरडा, एक ओला आणि तिसरा टेकच्या मधल्या वेळात सुकवायला. जुना दिसायला हवा म्हणून तिन्ही सारखेच घासून घ्यावे लागतील, आणि त्याला दोन दिवस जातात. रेनकोट ब्रँडकडून फुकट येतील, घासणं फुकट येत नाही.

एसटी थांब्यात बससाठी महामंडळाची परवानगी आणि रस्त्यासाठी पोलिसांची परवानगी लागते. त्या किती दिवसांत मिळतील यावर माझं नियंत्रण नाही, म्हणून तुमची तारीख बघता तो पर्याय "परवानगी मिळाल्यास" असं लिहूनच पाठवा.

पण हे आकडे ट्रीटमेंटच्या पीडीएफमध्ये नकोत. क्लायंट एका पानाचा फोटो काढून दुसऱ्या प्रॉडक्शन हाऊसला पाठवतो, हे नेहमीचं आहे. आकडे आमच्या ईमेलमधून.

---

काळी_पाटी

आणि मी म्हणते पीडीएफमध्ये प्रत्येक पर्यायाखाली ढोबळ आकडा हवाच. नाहीतर क्लायंट एसटी थांब्यावर प्रेमात पडतो, चार दिवसांनी ईमेल उघडतो आणि मग पडवी त्याला शिक्षा वाटते. आकड्यासोबत वाचली तर त्याला पडवीचा आनंद घेता येतो.

---

हिशेबनीस

यावर आपलं जमणार नाही.

---

सह्यवेडा

माझी हिरवाई मे महिन्यात चालत नाही हे कळलं. पण मग जूनअखेरचा खरा पाऊस का सोडायचा? तेव्हा इगतपुरी हिरवी असतेच की.

---

सुपारीबाग

सह्यवेडा, ही चांगली सूचना आहे. गाणं 1 जूनला जाईल, पण ब्रँडला पावसाळाभर टाकायला 15 सेकंदांचे तुकडे लागणारच. एसटी थांब्याच्या जागी हा तिसरा पर्याय करता येईल: मे महिन्यात वाडीच्या दोन शिफ्ट, आणि जूनअखेर एक दिवस, छोट्या क्रूसह, फक्त मोठी बहीण, खऱ्या पावसात घाटावर. बस नको, रस्ता अडवणं नको. एक राखीव दिवस मात्र धरा, कारण खरा पाऊस कधी इतका कोसळतो की दहा फुटांवरचं दिसत नाही, नाहीतर चार तास पडतच नाही. आणि मग तुमच्या 42 मधली दोन धुक्याची चित्रं परत घेता येतील, फक्त त्या पर्यायाच्या पानावर, "जून" असं लिहून.

---

चिंब_पायवाट

केलं. आता पानं अशी आहेत: पहिल्या पानावर कल्पना पाच वाक्यांत. दुसऱ्यावर दोन रेनकोटांचं उत्तर. मग गाणं ओळीओळीने, कुठल्या ओळीला काय दिसतं. मग 13 चित्रं, त्यांतली दोन "जून" शिक्क्याची. मग वाडी, तिथला पाऊस कसा पडेल आणि पाणी कुठून येईल. कपडे. शेवटी पडवी, वाडी आणि "वाडी अधिक जून", प्रत्येकाखाली धाकटीचे दिवस आणि शॉटची संख्या. आकड्यांबाबत अजून ठरत नाही, प्रोड्यूसरशी उद्या बोलतो.

पडवीच्या पानाची सुरुवात अशी लिहिलीय, बघा:

"बाहेर पाऊस लागलाय. आपल्याला तो अजून दिसत नाही, फक्त पागोळ्या दिसतात. धाकटी रेनकोटात हात घालते आणि हात बाहेर येतच नाहीत. मोठी गुडघ्यांवर बसते आणि तिची बाही दुमडते. एक घडी, दुसरी घडी, तिसऱ्या घडीला बोटं दिसतात. तिथे मुखडा सुरू होतो."

---

काळी_पाटी

हे पान सगळ्यात पुढे घ्या. कल्पनेची पाच वाक्यं त्याच्यानंतर आली तरी चालतील.

---

कवडसा

बाही दुमडताना बोटांचा क्लोज शॉट कोरड्यातच उरकून घ्या, तीन वाजायच्या आत. पश्चिमेचं ऊन आत यायच्या आधी पडवीत छान सपाट उजेड असतो. आणि रेकीला जाल तेव्हा पडवीची जमीन बघा. शेणाने सारवलेली असेल तर पाण्याचे शिंतोडे पडले की डाग उठतात आणि पुढच्या शॉटला जुळत नाहीत. घरमालकांना विचारून आदल्या संध्याकाळी सारवून घ्या, आणि दिव्यांच्या वायरी जमिनीवर न ठेवता खांबांवरून वर घ्या.